सात सुरांत काकांचा निरोप: ऑफिसच्या विडंबनगीताचं गणित

गाणं कागदावर अगदी बरोबर होतं. ओळीत सात उच्चार हवे होते, सात भरत होते. तरी तालमीत आम्ही सहाजणांनी शेवटची ओळ म्हटली आणि सगळेच हसले, पण ज्याला हसायचं होतं त्याला सोडून दुसऱ्याच गोष्टीला. ओळ होती "सहीशिवाय जाता काय", आणि ऐकू येत होतं "साहीशीवाय जाता काय".

आमच्या स्टोअर्समधले काका निवृत्त होत होते. हा माणूस गेटपासशिवाय एक स्क्रूसुद्धा बाहेर जाऊ देत नसे. हातात लाल पेन, आणि कुठलाही कागद पुढे केला की पहिला प्रश्न, "सही कुठाय?" निरोपाला भाषणं नकोत, गाणं करू असं ठरलं. कोणालातरी लिहायचं होतं, ते माझ्याकडे आलं. मला आधीची तीन-चार निरोप समारंभांची गाणी लिहून (आणि ती फसताना बघून) जे कळलं, ते या एका गाण्यावरून सांगतो.

चाल घेतली "ट्विंकल ट्विंकल"ची. बालिश वाटेल, पण कारणं पक्की आहेत. ही चाल प्रत्येकाला येते, शिकवावी लागत नाही. दुसरं, ती खालच्या सा पासून वरच्या ध पर्यंतच जाते. सहाच स्वरांचा पल्ला, त्यामुळे न गाणारी माणसंही गातात. याउलट वाढदिवसाची ती सुप्रसिद्ध चाल पूर्ण सप्तकभर फिरते. तिसऱ्या ओळीत एकदम वर उडी मारते, आणि तिथे प्रत्येक ऑफिसातला प्रत्येक घोळका किंचाळतो. आणि तिसरं, शब्द बदलून घेण्याची या चालीला सवयच आहे. मूळ फ्रेंच चाल 1761 मध्ये छापली गेली, तिच्यावर मोझार्टने बारा व्हेरिएशन्स रचली. चांदणीची इंग्रजी कविता जेन टेलरची, ती 1806 मधली, म्हणजे चालीनंतरची. याच चालीवरचं एबीसीडीचं गाणं 1835 मध्ये अमेरिकेत छापून आलं. म्हणजे आपण काही नवीन पाप करत नाही.

आता चालीचा सांगाडा बघू. पहिल्या दोन ओळी अशा:

सा सा प प ध ध प –
म म ग ग रे रे सा –

मधल्या दोन ओळी सारख्याच आहेत, "प प म म ग ग रे –" दोनदा. मग पहिल्या दोन परत. प्रत्येक ओळीत सात सूर. पहिले सहा एकेका ठोक्याचे, सातवा दोन ठोक्यांचा. टाळी वाजवत म्हणून बघा, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या सुरावर आपोआप जोर पडतो. दुसरा, चौथा, सहावा हलके जातात. सगळी कारागिरी या दोन गोष्टींत आहे: सात जागा, आणि त्यातल्या चार जोरकस.

सात जागा म्हणजे सात अक्षरं, असं वाटतं. इथेच मराठी लिहिणारा पहिल्यांदा फसतो, कारण आपण लिहितो ती अक्षरं आणि बोलतो ते उच्चार यांची संख्या वेगळी असते. "गेटपास" लिहिताना चार अक्षरं, म्हणताना दोन उच्चार: गेट्, पास्. "फोनवर" लिहिताना चार, म्हणताना फोन्, वर्. शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा मधलाही अ आपण गिळतो. त्यामुळे आमच्या अंतिम गाण्यातल्या ओळींची कागदावरची अक्षरं मोजली तर कुठे आठ, कुठे दहा, कुठे अकरा भरतात. गायला मात्र प्रत्येक ओळ सातच सुरांची. उलटही होतं. कोणी कागदावर सात अक्षरं मोजून लिहिलं तर गाताना पाचच उच्चार निघतात, आणि मग उरलेल्या जागा भरायला "हो", "ना", "रे" अशी भरताड घुसते.

मोजायची साधी युक्ती म्हणजे हनुवटीखाली हात ठेवून ओळ बोलायची. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके उच्चार. "अडलं काही" म्हटलं की चार झटके: अड्, लं, का, ही. कागदावर ते पाच अक्षरं आहेत. हे जुन्या पद्याला लागू होत नाही हं. तिथे शेवटचा अ मुद्दाम उच्चारतात, आणि तशीच सवय असलेले एखादे गृहस्थ तालमीत "पाय" ऐवजी "पाय-अ" म्हणतात. त्यांना आधीच सांगून ठेवायचं की आपलं गाणं बोलीतलं आहे.

"सहीशिवाय जाता काय" हे हनुवटीच्या परीक्षेतही पास होतं. स, ही, शि, वाय्, जा, ता, काय्. सात. मग बिघडलं काय?

शाळेत लघु-गुरु शिकवलं होतं, ते इथे कामाला येतं. वृत्तं विसरली तरी चालतील, एवढं आठवलं तरी पुरे: ऱ्हस्व स्वराचा सुटा उच्चार म्हणजे लघु, तो पटकन संपतो. दीर्घ स्वर, किंवा ज्याच्या मागे व्यंजन येऊन बसलंय असा उच्चार म्हणजे गुरु, तो लांबवता येतो. "काय्" गुरु, "गेट्" गुरु, "अड्"सुद्धा गुरु, कारण ड् त्याला धरून ठेवतो. "स" मात्र लघु. या चालीत प्रत्येक सूर पूर्ण ठोकाभर टिकतो. पहिल्या जोरकस जागेवर "स" आला, आणि ठोकाभर टिकायचं म्हणून तो बिचारा "सा" झाला. तिसऱ्या जागेवर "शि" आला, त्याचा "शी" झाला. गाणाऱ्यांचा दोष नव्हता, चाल त्यांना तसं गायला भाग पाडत होती.

थोडक्यात, उच्चारांची संख्या बरोबर असणं ही निम्मी परीक्षा. उरलेली निम्मी ही की जोरकस जागेवर लघु बसलाय का ते बघणं. हलक्या जागेवर लघु आला तर कान सहसा माफ करतो.

त्यावरून दुरुस्तीचा मार्गही निघतो. शब्द वाईट नसतो, त्याची जागा चुकलेली असते. "सही" हा लघु-गुरु शब्द पहिल्या जागेवरून सुरू न करता दुसऱ्या जागेवरून सुरू केला तर "स" हलक्या ठोक्यावर जातो आणि "ही" जोरकस ठोक्यावर येतो, म्हणजे बोलताना आपण म्हणतो तसाच. त्यासाठी आधी एक गुरु उच्चार टाकायचा:

एक सही द्या, जाता काय

एक्, स, ही, द्या, जा, ता, काय्. गाऊन बघा, "सही" सहीच ऐकू येते. "निवृत्त", "रिटायर", "सलाम", "विभाग" अशा लघुने सुरू होणाऱ्या सगळ्या शब्दांना हाच उपाय. "रिटायर होता" अशी सुरुवात केली की "रीटायर" ऐकू येतं, "आज रिटायर होता काय" केलं की शब्द जागेवर बसतो. शिवाय पहिल्या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या सुरांमध्ये सा वरून एकदम प वर उडी आहे. ती उडी "रि" आणि "टा"च्या मधे येते, आणि बोलतानाही आपण तिथेच आवाज चढवतो. अशी जुळणी झाली की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण ओळ मुळात याच चालीसाठी लिहिल्यासारखी वाटते.

जास्तीचा उच्चार कोंबायची एक सोयही आहे: एका ठोक्याचे दोन भाग करून त्यात दोन पटकन म्हणायचे उच्चार बसवणं. पण ती जपून वापरायची. एबीसीडीच्या गाण्यात दुसऱ्या ओळीत एल-एम-एन-ओ ही चार अक्षरं दोन ठोक्यांत कोंबली आहेत. परिणाम सगळ्यांना माहीत आहे: "एलेमेनो" हे एकच अक्षर आहे असं कित्येक मुलांना बरीच वर्षं वाटतं. विडंबनात हा धोका दुप्पट, कारण ऐकणारा शब्द पहिल्यांदाच ऐकतोय आणि विनोद बहुतेक त्या कोंबलेल्या जागीच असतो. एका ओळीत एकदाच, आणि तेही नेहमीच्या शब्दात, एवढीच मुभा मी स्वतःला देतो. या गाण्यात ती वापरावीच लागली नाही.

ठोका फोडायचं याहून प्रसिद्ध उदाहरण वाढदिवसाच्या गाण्यातच आहे. त्याची चाल 1893 मध्ये छापलेल्या, हिल भगिनींच्या "गुड मॉर्निंग टु ऑल" या शाळेतल्या गाण्याची. त्या ओळीत पाच उच्चार आहेत, "हॅपी बर्थडे टु यू"मध्ये सहा. पहिला सूर दोन भागांत फोडला आणि सहावा उच्चार आत आला. तिथे दोन्ही उच्चार छोटे होते, आणि मूळ चालीतला तो सूर जोरकस ठोक्याच्या आधीचा, हलका होता. म्हणून खपलं. फोडायचंच असेल तर अशी जागा शोधायची.

आता आमचं गाणं लिहिताना काय झालं ते. माझी पहिल्या ओळीची पहिली आवृत्ती होती "आमचे लाडके भांडारपाल". उच्चार सात, सगळे गुरु, तांत्रिक दोष शून्य. तरी ती टाकली. एक तर काकांना उभ्या आयुष्यात कोणी भांडारपाल म्हटलेलं नाही. आणि मोठं कारण हे की ही ओळ ऐकून चाल ओळखू येईपर्यंत ओळ संपते. विडंबनाची मजा दोन गाणी एकाच वेळी ऐकण्यात असते, कानावर नवं आणि डोक्यात जुनं. जुन्याची खूण पहिल्या दोन सेकंदांत पटायला हवी. या चालीत ती खूण म्हणजे एकच शब्द दोनदा येणं. म्हणून सुरुवात "काका काका". दोन उच्चारांचा शब्द, दोनदा, आणि सा वरून प वरची उडी बरोबर दोन "काका"ंच्या मधे. हाक मारल्यासारखी. तिथून बाकीचं गाणं तासाभरात झालं, शेवटची ओळ सोडून.

नाव घालायचं असेल तर या पहिल्या चार जागांचाच विचार करायचा. "विद्या विद्या" थेट बसतं. "चंद्रशेखर" चार उच्चारांचं नाव, चन्, द्र, शे, खर्, एकदाच म्हटलं की चारही जागा भरतात, आणि त्यातला एकुलता लघु "द्र" हलक्या दुसऱ्या जागेवर पडतो. बसतं, पण दोनदा हाक मारण्याची खूण जाते. "सुनंदा" तीन उच्चारांचं आणि लघुने सुरू होणारं, म्हणजे "सूनंदा" होणारच. अशा वेळी नाव ताणू नये, ऑफिसात त्यांना जे म्हणतात ते घ्यावं. "ताई ताई" ने कोणाचं काही बिघडत नाही, नाव तर बॅनरवर असतंच.

यमकाचं एकच सांगतो. सातवी जागा दोन ठोक्यांची आहे, तिथे जो स्वर येईल तो सगळी खोली एकत्र लांबवणार. म्हणून तिथे आ, ए, ओ असे तोंड उघडणारे स्वर बरे: काय, पाय, द्याल, याल. "रजिस्टर", "ऑडिट" असे शब्द शेवटी ठेवले तर शेवटचा ठोका हवेत विरतो. आणि वाक्य ओळीबरोबर संपायला हवं, कारण त्या लांब सुरावर सगळे श्वास घेतात. वाक्य पुढच्या ओळीत सांडलं तर अर्धा अर्थ श्वासात जातो.

शेवटची ओळ "एक सही द्या, जाता काय" गायला उत्तम होती, पण मला बोचत होती. सही मागणारे काका, आणि इथे सही आम्ही मागतोय. विनोद अर्धवट उलटा झाला होता. दोन दिवस तसंच राहिलं. मग गेटवर कोणाचा तरी लॅपटॉप अडवलेला बघितला, आणि शब्द समोरच होता:

काका काका, जाता काय?
इथनं तुमचा निघतो पाय?
लाल पेन आता कोणा द्याल?
अडलं काही, फोनवर याल?
काका काका, जाता काय?
गेटपास नाही, जाता काय!

गेट्, पास्, ना, ही, जा, ता, काय्. सात, सगळे गुरु. आणि मूळ गाण्यात शेवटच्या दोन ओळी पहिल्या दोन ओळींची पुनरावृत्ती असतात, त्याचा फायदा मिळाला. पाचवी ओळ जशीच्या तशी आली की सगळ्यांना वाटतं सहावीही तीच येणार, "इथनं तुमचा". तिथे गेटपास येतो. पंच शेवटी ठेवा असं सगळे सांगतात. माझा अनुभव असा की त्याच्या आधी एक ओळ न बदलता ठेवली तरच तो लागतो.

"कोणा द्याल" थोडं पुस्तकी आहे, बोलताना आपण "कोणाला" म्हणतो. पण "कोणाला" घातलं तर आठ उच्चार. एवढी सूट गाण्यात चालते. एका ओळीत दोन सुटी घेतल्या तर मात्र चालत नाही. "इथनं" मुद्दाम घेतलं. "इथून" तांत्रिकदृष्ट्या लघुने सुरू होतं, इ, थून्, आणि पहिल्याच जागेवर "ईथून" झालं असतं. "इथनं" म्हणताना इथ् आणि नं असे दोन गुरु मिळतात. बोलीभाषा इथे नुसती गोड म्हणून येत नाही, हिशोब जुळवायला येते.

तपासणीसाठी मी एकच गोष्ट करतो. गाणं न ऐकलेल्या माणसाच्या हातात कागद द्यायचा, चालीचं नाव सांगायचं आणि "गा" म्हणायचं. आपण स्वतः गाऊन काही कळत नाही, कारण लिहिणाऱ्याला कुठे ताणायचं, कुठे घाई करायची हे पाठ झालेलं असतं. तो माणूस जिथे अडखळेल ती जागा चुकलेली. समजावायला जायचं नाही, शब्द बदलायचा. अकाउंट्सच्या एकीने हा कागद घेऊन पहिल्या फटक्यात सहाही ओळी म्हटल्या, तेव्हा मी तो छापायला दिला. छापताना ओळी तशाच ठेवायच्या, जागा वाचवायला दोन ओळी जोडायच्या नाहीत. आणि सुरुवातीचा सा खालचा धरायचा. एकजण आधी नुसतं "काका काका" म्हणून दाखवतो, मग सगळे. हे केलं नाही तर उत्साहात कोणीतरी वरच्या पट्टीत सुरू करतो आणि ध ला पोचेपर्यंत निम्मी खोली गप्प होते.

त्या दिवशी काका पहिल्या पाच ओळी खुर्चीत अवघडून ऐकत होते. सहाव्या ओळीला सिक्युरिटीवाले दारात आडवे उभे राहिले, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. काका उठले, माझ्या हातातला छापील कागद घेतला, खिशातून लाल पेन काढलं, खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद उलटून बघितला.

"कार्बन कॉपी कुठाय?"